माल भिजला, भरपाई कोणाकडे मागायची?

माल भिजून आला की माणूस आधी क्लिअरिंग एजंटला फोन लावतो, कारण ओळखीचा तोच असतो. पण त्याचं काम कस्टम्सच्या कागदांचं. घोषणापत्र चुकलं, त्याच्या ढिलाईने माल अडकला, तर त्याला जरूर धरा. समुद्रात भिजलेल्या मालाचं उत्तर त्याच्याकडे नसतं.

मग कोणाकडे असतं? एक उदाहरण घेऊ. कंटेनरमध्ये 40 खोकी पंप. एका खोक्याचं वजन 25 किलो, किंमत 500 एसडीआर. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. उघडून पाहिलं तर छताला भोक आणि 12 खोकी भिजलेली. नुकसान 6,000 एसडीआर.

आता हातातलं बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजाने नेण्यासाठी मिळाल्याची वाहकाची पावती, वाचा. खाली सही कोणाची आणि कोणत्या नात्याने, ते बघा. माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या फॉरवर्डरने हाउस बिल, म्हणजे स्वतःच्या नावाचं बिल, वाहक म्हणून दिलं असेल, तर जहाज त्याचं नसलं तरी तुमच्यापुरता वाहक तोच. तुम्ही त्याला धरायचं. तो शिपिंग लाइनने त्याला दिलेल्या मास्टर बिलावरून त्या लाइनला धरेल. सहीपुढे ‘वाहकाचा एजंट म्हणून’ असं लिहून वाहकाचं नाव दिलं असेल, तर मात्र दावा थेट त्या वाहकावर. एजंटकडे बोट दाखवता येतं ते त्याच्या स्वतःच्या चुकीपुरतंच.

बरं, वाहक सापडला. पैसे किती मिळतील? समुद्री वाहकाची जबाबदारी ठरवणारे आंतरराष्ट्रीय हेग-व्हिस्बी नियम लागू असतील तर कमाल मर्यादा दर नगाला 666.67 एसडीआर किंवा खराब मालाच्या दर किलोला 2 एसडीआर, यांतली जी जास्त ती. बिलावर ‘40 खोकी’ लिहिलं असेल तर प्रत्येक खोकं हा एक नग. 500 ही रक्कम मर्यादेच्या आत बसते, म्हणजे पूर्ण 6,000 मागता येतात. नुसतं ‘एक कंटेनर’ लिहिलं असेल तर सगळा मिळून नग एकच! वजनाने 300 किलोचे 600 होतात, म्हणून हाती जास्तीत जास्त 666.67. बिलाचा मसुदा तपासायला येतो तेव्हा तो न वाचता ‘ओके’ कळवणारे मी पुष्कळ पाहिलेत.

वाहकही गप्प बसत नाही. पॅकिंग कच्चं होतं, असं तो म्हणेल, आणि ते सिद्ध झालं तर सुटेलही. म्हणून माल हलवण्याआधी छताचे, सीलचे फोटो घ्या, वाहकाला संयुक्त सर्व्हेला बोलवा. सर्व्हेअर ओल्या पुठ्ठ्यावर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकतो. पांढरट साका आला तर क्लोराइड आहे, म्हणजे समुद्राच्या पाण्याचा संशय बळावतो.

नुकसान उघड दिसत असेल तर लेखी नोटीस माल ताब्यात घेतानाच द्यायची, न दिसणारं असेल तर 3 दिवसांत. चुकली तर दावा मरत नाही, पण माल चांगल्या स्थितीत मिळाला असं गृहीत धरलं जातं आणि उलटं सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. दाव्याची मुदत मात्र डिलिव्हरीपासून 1 वर्ष. ‘बघतो, कळवतो’ अशा ईमेलांत ती सरते, आणि वाहकाने लेखी वाढवून दिली नसेल तर दावा तिथेच संपतो.