स्कॅन झालं म्हणजे अस्सल ठरलं का?

श्रोतेहो, नमस्कार.

खोक्यांची आणि लेबलांची छपाई हे माझं रोजचं काम. त्यामुळे लोक हातातला खोका पुढे करून मला विचारतात, "याच्यावरचा कोड स्कॅन होतोय, म्हणजे माल ओरिजिनल ना?" त्याचं उत्तर आज नीट, सावकाश द्यायचं आहे, कारण हा प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात बऱ्याचदा औषध असतं, नाहीतर लहान मुलाच्या अंगाला लावायचं काहीतरी.

आधी साध्या उभ्या रेघांचा बारकोड घेऊ. त्याच्याखाली बहुतेक वेळा 13 आकडे असतात. दुकानातल्या यंत्राला त्या रेघांमधून हे आकडे मिळतात, बाकी काही नाही. 1974 साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी दुकानाच्या गल्ल्यावर पहिल्यांदा असा बारकोड वाचला गेला, तो च्युइंगगमच्या पाकिटावरचा. हेतू होता बिल पटकन व्हावं आणि आकडा टाकताना चूक होऊ नये. खऱ्याखोट्याची पारख हे त्याचं काम कधीच नव्हतं.

यंत्र "बीप" वाजवतं तेव्हा ते काय तपासतं? कागद-पेन्सिल हाताशी असेल तर माझ्याबरोबर करून बघा. 1 ते 9 ओळीने लिहा आणि पुढे 0, 1, 2. झाले 12 आकडे. आता पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे मिळवा. बेरीज येते 26. उरलेल्यांची बेरीज 22, तिची तिप्पट 66. दोन्ही मिळून 92. पुढचा पूर्ण दहाचा आकडा 100, म्हणजे कमी पडले 8. हा 8 शेवटी लिहिला की तेरावा आकडा मिळाला आणि यंत्राला चालेल असा क्रमांक तयार झाला. आत्ता आपण असा क्रमांक बनवला, आणि तो कुठल्या वस्तूचा आहे की नाही याच्याशी त्या हिशेबाला देणंघेणं नाही. एखादा आकडा चुकीचा वाचला गेला तर ते कळावं, एवढ्यापुरताच तो आहे.

इथेच आणखी एक गैरसमज दूर करतो. पहिल्या तीन आकड्यांवरून माल कुठल्या देशात बनला ते कळतं, असं सांगणारे निरोप फिरत असतात. ते खरं नाही. कंपनीने तो क्रमांक कुठल्या देशातल्या संस्थेकडून घेतला, एवढंच त्यावरून समजतं. कारखाना जगात कुठेही असू शकतो.

आता चौकोनी क्यूआर कोडकडे येऊ, कारण लोकांचा जास्त भरवसा त्याच्यावर बसतो. 1994 साली जपानमध्ये तो बनला, मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी. कारखान्यात तेल लागणार, ओरखडे पडणार, म्हणून त्यात मुद्दाम अशी सोय केली की काही भाग खराब झाला तरी उरलेल्या भागावरून मजकूर पुरा वाचता यावा. सर्वांत वरच्या पातळीला साधारण 30 टक्के भाग बिघडला तरी चालतो. हाच गुण नकली माल बनवणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. मी स्वतः एका खोक्यावरच्या कोडचा फोनने फोटो काढला, तो साध्या प्रिंटरवर छापला, त्या कागदाची झेरॉक्स काढली आणि झेरॉक्सचा एक कोपरा फाडून टाकला. तरी तो फोनने पहिल्या झटक्यात वाचला. नोटेची झेरॉक्स हातात घेतली की कळते. क्यूआर कोडची झेरॉक्स मात्र फोनच्या दृष्टीने मूळ कोडच असते.

कोणी म्हणेल, पण आमच्या खोक्यावर प्रत्येक नगाचा वेगळा क्रमांक आहे, आणि स्कॅन केल्यावर "हे उत्पादन अस्सल आहे" असं येतं. समजा, मलमाच्या ट्यूबचा असा एक खोका आहे. नकली माल करणारा एक खरा खोका विकत घेतो आणि त्याच्यावरचा कोड हजार खोक्यांवर छापतो. तुम्ही त्यातला एक स्कॅन करता. क्रमांक कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, यादीत सापडतो, कारण तो खराच आहे, आणि उत्तर येतं: अस्सल. सर्व्हरने क्रमांकाची ओळख दिली. तो ज्या खोक्यावर छापलाय तो खोका सर्व्हरला दिसत नाही, ट्यूब तर नाहीच नाही.

हा क्रमांक आधी किती वेळा विचारला गेला याची नोंद सर्व्हर ठेवत असेल, तर दुसऱ्या स्कॅनला इशारा देता येतो. पण त्यातही अडचण आहे. नकली खोका आधी स्कॅन झाला तर "अस्सल" हे उत्तर त्याला मिळतं आणि खरा खोका घेणाऱ्याला इशारा. शिवाय बहुतेक गिऱ्हाईक स्कॅन करतच नाही. हजारातले दोनच खोके स्कॅन झाले, तर 998 जणांना पत्ताच लागत नाही. आणि खरा रिकामा खोका मिळवून त्यात दुसरीच ट्यूब घातली, तर कोडही खरा, खोकाही खरा, आतला माल खोटा.

याहून सोपी चाल म्हणजे कोडच आपला छापायचा. त्यात कंपनीच्या नावासारखाच, एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेला पत्ता असतो. तिथे उघडणारं पान हुबेहूब, वर हिरवी खूण. ते पानही नकली माल करणाऱ्याचंच.

मग कोड उपयोगी पडतो कुठे? युरोपीय संघात 9 फेब्रुवारी 2019 पासून चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या खोक्यांवर डेटा मॅट्रिक्स नावाचा कोड असतो. त्यात औषधाचा कोड, नगाचा क्रमांक, बॅच आणि मुदत असते. औषध देताना औषधविक्रेता तो स्कॅन करतो आणि त्या क्षणी तो क्रमांक यादीत बाद होतो. त्याच क्रमांकाचा दुसरा खोका कुठेही आला की सूचना वाजते. खोक्याला सीलही लागतं, उघडला असेल तर दिसावं म्हणून. म्हणजे तिथली ताकद चौकोनात नाही. प्रत्येक खोका विकताना तपासायचा, क्रमांक एकदाच वापरू द्यायचा आणि खोका बंद आहे हे पाहायचं, या तिन्ही गोष्टी एकत्र होतात म्हणून ती व्यवस्था चालते.

आपल्या हातात काय आहे? कोड उघडण्याआधी फोन पत्ता दाखवतो, तो अक्षर अक्षर वाचा. शक्य असेल तर खोक्यावरच्या कोडने साइट उघडू नका. कंपनीची साइट किंवा ॲप स्वतः शोधून उघडा आणि तिथे क्रमांक टाका. पडद्यावर बॅच आणि मुदत येत असेल तर ती खोक्यावर पाहा, मग आतल्या ट्यूबवर पाहा. कागदाचा खोका छापणं सोपं. ट्यूबच्या दुमडलेल्या कडेवर तीच बॅच उमटवायला वेगळी तयारी लागते, आणि तिथे पुष्कळदा घोळ सापडतो. एकाच मालाचे दोन नग घेतले असतील तर दोन्ही कोड स्कॅन करा. वेगळे असायला हवेत असे क्रमांक सारखेच निघाले, तर निदान एक खोका नक्कल आहे. नुसती माहिती देणारा कोड मात्र सगळ्या खोक्यांवर सारखाच असतो, त्यावरून काहीच ठरवू नका.

आणि "हा क्रमांक आधीच तपासला गेला आहे" असं आलं, तर त्यात पहिल्या तपासणीची तारीख आहे का ते बघा. ती तुम्हीच काल केलेली असू शकते. नसेल, तर ती वस्तू वापरू नका, खोकाही फेकू नका. बॅच दिसेल असा फोटो काढून कंपनीला कळवा, आणि त्यासाठी खोक्यावर छापलेला फोन नंबर वापरू नका. खोका नकली असेल, तर तो नंबर उचलणाराही त्यांचाच माणूस असू शकतो.