घसारा लवकर मिळतो, जास्त मिळत नाही

मंडळी, आजचा विषय गुंतवणुकीला चालना देणाऱ्या करसवलतींचा. घसारा म्हणजे यंत्राची किंमत खर्च म्हणून वर्षावर्षाने नफ्यातून वजा करणं. पण आधी मनातली एक तक्रार मांडतो. ‘पहिल्याच वर्षी पूर्ण घसारा, म्हणजे यंत्रावर कर माफ,’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलंय की ते आता खरंच वाटू लागलंय. ते खरं नाही, आणि त्यावर विसंबून निर्णय घेणारे अडचणीत येतात.

कागद-पेन्सिल घ्या. यंत्र 1000 चं, आयुष्य 5 वर्षं, कराचा दर 30 टक्के. दरवर्षी समान घसारा धरला तर 200 ची वजावट मिळते आणि 60 कर वाचतो. पाच वर्षांत 300. आता कायद्याने सगळा घसारा पहिल्याच वर्षी घेऊ दिला. त्या वर्षी 300 वाचले, पुढच्या चार वर्षांत शून्य. बेरीज पुन्हा 300. यंत्राच्या किमतीहून जास्त वजावट कुठेच मिळालेली नाही.

मग फायदा कसला? वेळेचा. पहिल्या वर्षी 240 जास्तीचे हातात राहिले, आणि पुढे दरवर्षी 60 जादा कर भरून ते परत गेले. सरकारने दिलेलं हे बिनव्याजी कर्जच आहे. करबचत वर्षाअखेर हाती येते असं मानून आणि 10 टक्के व्याजदर धरून आजची किंमत काढली तर समान घसाऱ्याची वजावट सुमारे 227 मोलाची आणि पहिल्या वर्षीची 273 मोलाची ठरते. फरक साधारण 45, म्हणजे यंत्राच्या किमतीच्या साडेचार टक्के. सवलत खरी आहे, पण ती एवढीच. आणि व्याजदर उतरले की हा फरकही आटतो.

‘पण आमचा कर तर कधीच परत जात नाही,’ असं कोणी म्हणेल, आणि मला सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचाय. समजा कंपनी दरवर्षी असंच एक यंत्र घेते. पाच वर्षांनी तिच्याकडे वेगवेगळ्या वयाची पाच यंत्रं आहेत आणि त्यांच्यावर पुढे ढकललेला कर आहे 240, 180, 120, 60 आणि 0, मिळून 600. दरवर्षी जुन्यांवरचे 240 फिटतात आणि नव्या यंत्रावर 240 पुन्हा ढकलले जातात. ताळेबंदातला डिफर्ड टॅक्सचा, म्हणजे या पुढे ढकललेल्या कराचा, 600 हा आकडा हलतच नाही, म्हणून तो आपलाच वाटायला लागतो. काही जण तो लाभांशात वाटूनही टाकतात.

मग एका वर्षी मंदी येते आणि कंपनी यंत्र घेत नाही. कंपनीच्या हिशेबवहीत घसारा दरवर्षी समान धरलेला असतो. नवं यंत्र नसल्यामुळे सर्वांत जुनं यंत्र बाद झालं, वहीत चारच यंत्रं उरली, घसारा 800. कराच्या हिशेबात शून्य. म्हणजे वहीतल्या नफ्यावर बसला असता त्याहून 240 जादा. पुढेही यंत्र घेतलं नाही तर पुढच्या वर्षांत 180, 120, 60. बरोबर 600. कर्जाची वसुली येते ती नेमकी धंदा मंद असताना.

यंत्र मध्येच विकलं तरी सुटका नाही. पहिलं यंत्र दुसऱ्या वर्षाअखेर 600 ला विकलं, तर कराच्या वहीत त्याची किंमत शून्य असल्याने सगळे 600 करपात्र ठरतात. कर 180, म्हणजे त्या क्षणी त्या यंत्रावर थकलेली नेमकी रक्कम.

वेळ संपत आलाय असं खुणावताहेत, तेव्हा उरलेलं घाईने सांगतो. नफा अपुरा असेल तर ही सवलत निम्म्याहून कमी होऊ शकते. घसाऱ्यापूर्वीचा नफा वर्षाला 300 असेल तर 1000 ची वजावट एकदम वापरताच येत नाही. 300, 300, 300, 100 अशी पुढे ओढावी लागते आणि 45 चा फायदा 17 वर येतो. नव्या, नफा कमी असलेल्या उद्योगांपर्यंत ही सवलत पुरती पोचतच नाही.

गुंतवणूक भत्त्याचं काय? एकच कसोटी लावा: सगळ्या वर्षांच्या वजावटींची बेरीज किमतीइतकी आहे की जास्त? किमतीच्या 25 टक्के वजावट भत्ता म्हणून आधीच दिली, पण तो भत्ता पुढच्या घसाऱ्यातून कापला, तर तोही फक्त वेळेचा खेळ. कापला नाही, तर बेरीज 1250 होते आणि जादा 250 वरचे 75 खरोखर माफ होतात.

दर बदलला तर मात्र नुसतं पुढे ढकलणंही कायमचं नफा-नुकसान ठरतं. ब्रिटनमध्ये एप्रिल 2023 पासून मोठा नफा असलेल्या कंपन्यांचा दर 19 वरून 25 टक्के होणार होता. वजावट तेव्हा जास्त मोलाची, म्हणून कंपन्या खरेदी लांबवतील ही भीती होती. त्यासाठी एप्रिल 2021 ते मार्च 2023 मधल्या नव्या यंत्रांवर 130 टक्के वजावट दिली गेली. 130 चे 19 टक्के काढा: 24.7 येतात. म्हणजे थांबून 25 मिळवण्याचं कारण जवळजवळ उरलंच नाही.