आर-२२च्या एसीत प्रोपेन: मशीन चालतं, पण हिशोब बसत नाही

जुन्या एसीतला गार करणारा वायू म्हणजे आर-२२. त्याची तापमानवाढ क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १८१० पट, प्रोपेनची, म्हणजे आर-२९०ची, जेमतेम ३. दोघांचे दाब जवळपास सारखे आणि खनिज तेलाशीही दोघांचं जमतं. त्यामुळे जुन्या स्प्लिट एसीत प्रोपेन भरलं की तो मुकाट्याने गार करू लागतो. फसगत इथेच होते.

आर-२२चा सुरक्षा वर्ग ए१, प्रोपेनचा ए३. अक्षर तेच, कारण विषारीपणा दोघांचाही कमी. बदलतो तो अंक: १ म्हणजे ज्वाला पसरत नाही, ३ म्हणजे सहज पेटतो. घनमीटर हवेत ३८ ग्रॅम प्रोपेन मिसळलं की ठिणगी पुरते.

आता वजन काढू. द्रव प्रोपेनची घनता आर-२२च्या सुमारे ४१ टक्के. पाटीवर ८०० ग्रॅम आर-२२ असेल, तर प्रोपेन साधारण ३३० ग्रॅम लागेल. खोली १६ चौरस मीटरची, आतलं युनिट भिंतीवर. अशा खोलीत जास्तीत जास्त किती किलो वायू चालेल (m), यासाठी घरगुती एसीच्या आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकातलं नेहमीचं सूत्र असं:

m = 2.5 × LFL^(5/4) × h × √A

LFL म्हणजे पेट घेण्याची खालची मर्यादा, वरचेच ३८ ग्रॅम, किलोत ०.०३८; h म्हणजे युनिटची उंची, भिंतीवरच्यासाठी १.८; A म्हणजे खोलीचं क्षेत्रफळ, म्हणून √A ४. उत्तर येतं सुमारे ३०० ग्रॅम. म्हणजे आपला भरणा तीसेक ग्रॅमने जास्त. तेच युनिट जमिनीलगत असेल तर h ०.६ धरायचा आणि सूत्र १०० ग्रॅमवर येतं. (१५२ ग्रॅमपर्यंत मात्र खोलीच्या आकाराची अट लागत नाही.) प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, खाली साचतं, म्हणून उंचीला एवढं महत्त्व.

समजा खोली मोठी आहे आणि भरणा मर्यादेत बसतो. तरीही जुन्या एसीतला रिले आणि कॉन्टॅक्टर उघड्यावर ठिणगी टाकतात, कारण तो ज्वलनशील वायूसाठी बनलेलाच नाही. कारखान्यात आर-२९०साठी बनलेल्या एसीत हे भाग बंदिस्त किंवा ठिणगीविरहित असतात आणि बारीक नळ्यांच्या कंडेन्सरमुळे वायूही कमी लागतो. स्वयंपाकाचा गॅस भरणं तर त्याहून वाईट: त्यात ब्युटेन असतं, ओलावा असू शकतो, आणि दाब कोणत्याच तक्त्याशी जुळत नाही.

सगळ्यात मोठा धोका पुढच्या मेकॅनिकला. पाटीवर आर-२२ वाचून तो नळ्यांचे जोड सोडवायला टॉर्च पेटवतो. शंका आली तर एसी काही तास बंद ठेवून, सगळा संच एका तापमानाला आल्यावर दाब पाहा. ३० अंशांना आर-२२ सुमारे १५८ पीएसआय दाखवतो, प्रोपेन १४२. मिश्रण असेल तर आकडा मध्येच लटकतो, त्यामुळे एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. वायू ज्वलनशील धरूनच काढा, नायट्रोजन फिरवा आणि जोड टॉर्चने न सोडवता नळी कटरने कापा.