आठ इंचांची गादी, जशीच्या तशी

(पडद्यावर: गादीच्या जाहिरातीतलं कापीव चित्र. त्यावर कुणीतरी मोजपट्टी ठेवतं.)

हे चित्र तुम्ही कुठल्या ना कुठल्या दुकानात पाहिलेलं असेल. गादीचा एक कोपरा कापलेला, आतले थर उघडे. बाजूला लिहिलंय, दोन इंच मेमरी फोम, पाच इंच आधाराचा फोम. आता पट्टी लावून बघा. चित्रात दोन्ही थर जवळपास सारख्याच जाडीचे निघतात. महाग थर फुगवला आणि स्वस्त थर दाबला. आकडा एक सांगतो, चित्र दुसरंच.

आज आपण पाहणार आहोत एका गादीचं असं चित्र, ज्यात पट्टी खोटी पडणार नाही. गादी साधीच आहे. सर्वांत वर एक इंचाची क्विल्ट केलेली खोळ, तिच्याखाली दोन इंच मेमरी फोम, त्याखाली पाच इंच आधाराचा फोम. एकूण आठ इंच. चित्रातही एकास दोनास पाच हेच प्रमाण राहायला हवं.

(पडद्यावर: कापणीचं टेबल.)

सगळ्यात आधी कापायचं काय आणि कसं. बहुतेक चित्रांत पायऱ्या दिसतात. वरचा थर थोडा मागे, मधला थोडा पुढे, तळाचा त्याहून पुढे. दिसायला छान, पण गडबड इथूनच सुरू होते. कॅमेरा जरा वरून बघत असतो, त्यामुळे प्रत्येक पायरीचा सपाट भागही त्याला दिसतो. तो भाग आणि उभी कड, दोन्ही एकाच फोमचे, एकाच रंगाचे. बघणाऱ्याचा डोळा दोन्ही मिळून जाडी धरतो. पुढे आपण कॅमेरा जिथे ठेवणार आहोत, तिथून पाहता तीन इंचांची पायरी सोडली, तर मेमरी फोमच्या जाडीत साधारण अर्ध्या इंचाची भर पडल्यासारखी दिसते. दोनाचे अडीच, आणि मुद्दाम कुणी काही केलेलंही नाही.

म्हणून इथे फोमचे दोन्ही थर एकाच उभ्या रेषेत कापले आहेत. मागे दुमडली आहे ती फक्त खोळ.

मेमरी फोम कापणं सोपं नाही. पातं टेकलं की तो दबतो, पातं पुढे गेलं की हळूहळू वर येतो, आणि कड सरळ न राहता आत खचलेली निघते. थंडीत तो कडक होतो, उकाड्यात मऊ पडतो, म्हणून खोली फार तापू द्यायची नाही. विजेच्या सुरीनं, जोर न देता, पात्यालाच काम करू द्यायचं. आणि कापायचं शूटिंगच्या दिवशी. हा पॉलियुरेथेन फोम उजेडात पिवळा पडत जातो. महिनाभर स्टुडिओत पडलेला नमुना आणला, तर कड जुन्या कागदासारखी दिसते आणि मग रंग संगणकावर दुरुस्त करत बसावं लागतं.

(पडद्यावर: खोळीची कापलेली कड, अगदी जवळून.)

आता खोळ. हिच्या पोटात तीन गोष्टी आहेत. वर विणलेलं कापड, मध्ये फोमचा पातळ थर, खाली नॉनवोव्हन कापड. क्विल्टिंगचा दोरा या तिघांतून जातो आणि तिथेच संपतो. मेमरी फोमला तो शिवतही नाही. कितीतरी चित्रांत मात्र शिलाईची खाच थेट फोमपर्यंत उतरलेली दाखवतात. गादी अशी बनतच नाही. फोम वेगळा, शिवलेली खोळ वेगळी.

एक इंच ही जाडी फुगवट्यापाशी असते. टाका बसतो तिथे खोळ चेपून बरीच बारीक होते. म्हणून कापलेल्या कडेवर वरची रेघ लाटेसारखी आणि खालची बऱ्यापैकी सपाट दिसली पाहिजे. दोन्ही बाजू समांतर दिसल्या की समजावं, चित्र काढणाऱ्यानं खोळ कधी कापून पाहिलेली नाही.

कापताना आणखी एक अडचण येते. क्विल्टिंग मशीनवर बरेचदा साखळी टाका असतो. तो तुटला की एका टोकानं सरसर उसवतो, आणि दिव्यांखाली नमुना ठेवेपर्यंत चौकटींची नक्षी ढिली पडलेली असते. उपाय सोपा आहे. जिथे कापायचं, त्या रेषेच्या आत, खालच्या बाजूनं कापडाचा गोंद लावून घ्यायचा. वाळला की मगच कात्री.

(पडद्यावर: कॅमेरा, तिवई, जमिनीवर टेपनं आखलेलं अंतर.)

आता कॅमेरा कुठे ठेवायचा? गादी कंपनीच्या मालकाची इच्छा असते की टाका न् टाका दिसावा, म्हणून फोटोग्राफर जवळ जातो आणि वाइड लेन्स लावतो. जवळचा कोपरा फुगून पुढे येतो, मागची बाजू आक्रसते. दोष लेन्सवर जातो, पण करामत अंतराची असते. कोपरा अडीच फुटांवर असेल, तर त्याच्यामागे अडीच फुटांवरची कड निम्म्या उंचीची दिसते. तोच कोपरा दहा फुटांवर नेला, तर मागची तीच कड ऐंशी टक्के दिसते. डोळ्याला हे पटतं.

म्हणून कॅमेरा दहा फूट मागे, गादीच्या वरच्या पातळीपेक्षा दीड फूट उंच. लेन्स 90 मिलिमीटरची, टिल्ट-शिफ्ट. कॅमेरा खाली वाकवायचा नाही. त्याची पाठ ओळंब्यात उभी ठेवायची आणि फक्त लेन्स खाली सरकवायची. वाकवला असता तर गादीच्या उभ्या कडा तळाशी एकमेकींकडे झुकल्या असत्या.

या अंतरावरून फुल-फ्रेम कॅमेऱ्यात साधारण चार फूट रुंदी मावते. फोटो 6000 पिक्सेल रुंद. म्हणजे जवळच्या कडेवर एका इंचाला 125 पिक्सेल. गादीची उंची 1000 पिक्सेल, मेमरी फोम 250, आणि चार मिलिमीटरचा एक टाका साधारण 20 पिक्सेल. टाका दिसतो, मोठा न करता दिसतो. अख्खी गादी फ्रेममध्ये घेण्याचा हट्ट सोडला आणि एका कोपऱ्यावर भागवलं, म्हणून हे जमलं.

(पडद्यावर: संगणकावर फोटो, जवळच्या कडेवर उभी रेघ.)

तपासणीही याच कडेवर होते. मागच्या कडेवर मोजू नका, ती लहानच असणार. जवळच्या कडेवर 125, 250, 625 मिळालं, दोन-चार पिक्सेल इकडे-तिकडे, तर चित्र खरं. आणि हो, फोमची घनता या चित्रातून कळत नाही, कितीही चांगलं काढलं तरी. ती लिहूनच सांगावी लागते.

काही दिवसांनी तीच कंपनी सहा इंचांची गादी काढते आणि कुणीतरी हाच फोटो उभ्यात दाबून वापरायला घेतो. मग टाके चेपतात, चौकटी चपट्या होतात, मेमरी फोम दीड इंचावर येतो. खऱ्या सहा इंची गादीत वरचे दोन्ही थर तेवढेच असतात, कमी होतो तो फक्त तळाचा फोम, पाचाचा तीन. तेव्हा फोटोही तिथेच कापायचा. तळाच्या फोममधून दोन इंचांची, म्हणजे जवळच्या कडेवर 250 पिक्सेलची पट्टी काढायची, मागे जाताना ती त्याच प्रमाणात बारीक करायची, आणि बॉर्डरच्या, म्हणजे गादीच्या बाजूच्या कापडी पट्टीच्या, खालच्या शिलाईची टेप न दाबता, आहे त्या जाडीनं वर सरकवायची.