पृथ्वीची एक फेरी: पायी, गाडीने आणि विमानाने

(पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सभागृहात, सुट्टीतल्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मघाशी चहाच्या वेळी या पहिल्या रांगेतल्या चिमुरडीने मला विचारलं, "काका, चालत चालत पृथ्वीला चक्कर मारायला किती दिवस लागतील?" मी म्हटलं, तीनशे चौतीस. तिच्या आजी शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आणि जेवायचं कधी?" आजींनी माझं निम्मं व्याख्यान तिथेच उरकलं. उरलेलं मी आता करतो.

आधी अंतर पक्कं करू. विषुववृत्तावरून पृथ्वीचा घेर 40,075 किलोमीटर आहे. दोन्ही ध्रुवांवरून गेलात तर 40,008. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे हा फरक पडतो. पण आकडा चाळीस हजारांच्या इतका जवळ कसा आला? निसर्गाला गोल आकड्यांची आवड आहे, असं काही नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात मीटर ठरवला, तेव्हा त्याची व्याख्याच अशी केली की उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. म्हणजे पाव फेरी दहा हजार किलोमीटर, आख्खी चाळीस हजार. तुमच्या शिंप्याच्या टेपवर पृथ्वीचा घेर आधीपासूनच लिहिलेला आहे. त्या काळच्या मोजणीत थोडी चूक राहिली, म्हणून वरचे आठ किलोमीटर उरले.

आता चालू या. मी हा प्रयोग कालव्याच्या रस्त्यावर केला, तुम्हीही करा. शंभर मीटर मोजून खुणा केल्या आणि नेहमीच्या चालीने गेलो. बहात्तर सेकंद लागले आणि पावलं पडली एकशे तेहतीस. म्हणजे ताशी पाच किलोमीटर आणि पाऊल पाऊण मीटरचं. 40,075 ला पाचाने भागा: 8,015 तास, म्हणजे 334 दिवस. पावलं साधारण पाच कोटी चौतीस लाख.

यात आजींचं जेवण नाही, झोप नाही, पाऊस नाही. दिवसाला आठ तास चाललो तर हजार दिवस, म्हणजे पावणेतीन वर्षं. पण रोज आठ तास, रोज चाळीस किलोमीटर, हजार दिवस, हे कोण चालणार? आपल्याकडे लांब पल्ल्याच्या पायी चालीचं इतक्या माणसांनी, इतकी शतकं तपासलेलं एक उत्तम माप आहे: वारी. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, मुक्काम धरून वीसेक दिवस. वारकरी काही हळू चालत नाहीत. दिवे घाटाच्या दिवशी पुण्याहून सासवडपर्यंत तीस किलोमीटरच्या वर चाल पडते, तेव्हा शेजारून चालून बघा. पण पुण्यातला मुक्काम, रिंगण, विसावे, जेवणं सगळं धरलं की सरासरी येते दिवसाला साडेबारा किलोमीटर. त्या हिशेबाने पृथ्वीप्रदक्षिणा म्हणजे एकशे साठ वाऱ्या, न थांबता एकामागून एक. वेळ पावणेनऊ वर्षं.

पाय तेच, चालही तीच. तरी एक उत्तर अकरा महिन्यांचं आणि दुसरं पावणेनऊ वर्षांचं. मला आज एवढंच दाखवायचं आहे. "किती वेळ लागेल" याचं उत्तर चालताना किती वेगाने जाता यापेक्षा थांबता किती यावर जास्त अवलंबून असतं. यात समुद्र तर मी धरलेलाच नाही. डेव्हिड कुन्स्ट नावाचा अमेरिकन 1970 मध्ये मिनेसोटातून निघाला आणि 1974 मध्ये चालत परत आला. समुद्र अर्थातच चालून ओलांडला नाही. त्यामुळे त्याची चाल भरली सुमारे 23,000 किलोमीटर, वेळ सव्वाचार वर्षं आणि बूट एकवीस जोड. वाटेत अफगाणिस्तानात लुटारूंनी गोळ्या घातल्या, त्यात त्याचा सोबती भाऊ गेला. स्वतः जखमी होऊन बरा झाल्यावर तो पुन्हा निघाला. त्याची सरासरी काढली तर दिवसाला पंधरा किलोमीटरच्या आसपास येते. म्हणजे वारीचंच माप, थोडं वर.

हायवेवर या. द्रुतगती मार्गावर मोटारीला शंभरची मर्यादा आहे. शंभरने भागलं की चारशे तास, म्हणजे पावणेसतरा दिवस. इथे तरुण मंडळींच्या चेहऱ्यावर "मी तर सोळात मारेन" असं दिसतंय. थांबा. घाटात मर्यादा साठची. समजा अर्धा रस्ता शंभरने आणि अर्धा साठने कापला, तर सरासरी किती? (सभागृहातून: "ऐंशी!") सगळ्यांचं हेच उत्तर येतं आणि ते चुकतं. शंभर-शंभर किलोमीटरचे दोन तुकडे घ्या. पहिल्याला एक तास, दुसऱ्याला एक तास चाळीस मिनिटं. दोनशे किलोमीटरला दोन तास चाळीस मिनिटं, म्हणजे ताशी पंचाहत्तर. हळू तुकड्यात आपण जास्त वेळ असतो, म्हणून सरासरी त्याच्याकडे कलते. थांबणं म्हणजे वेग शून्य असलेला तुकडा. तो सरासरीला सगळ्यात जास्त खाली ओढतो.

आमच्या घरून दादर दीडशे किलोमीटर. चांदणी चौक, टोलनाका, फूड मॉलवरचा वडापाव, मग मुंबईत शिरतानाची रांग. चार तास लागतात. म्हणजे ताशी साडेसदतीस. या वेगाने पृथ्वीची फेरी 1,069 तासांत होते, म्हणजे साडेचव्वेचाळीस दिवस. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे साडेचव्वेचाळीस दिवससुद्धा चालकाला न झोपवता. खरं करून दाखवलं ते कोलकात्याच्या सलाउद्दीन आणि नीना चौधरी या दांपत्याने, 1989 साली. गाडी आपली हिंदुस्तान काँटेसा. दिल्लीहून निघून दिल्लीला परत आले. विषुववृत्ताच्या लांबीहून जास्त अंतर रस्त्यानेच कापायचं, अशी विक्रमाची अट होती. समुद्र आला की गाडी पलीकडे न्यायची. वेळ लागला 69 दिवस, 19 तास आणि 5 मिनिटं. भागाकार करा: ताशी चोवीस किलोमीटर. विश्वविक्रमी मोटारप्रवासाची एकूण सरासरी म्हणजे दमदार सायकलवाल्याचा वेग! यात त्यांना कमीपणा नाही. झोप, जकात, जहाज, विमान यांच्यासकट चोवीस टिकवणं फार अवघड आहे.

जेटचा वेग धरू ताशी नऊशे. 40,075 भागिले 900 म्हणजे साडेचव्वेचाळीस तास. आठवलं? मुंबई गाठताना जे आपले दिवस, ते विमानाचे तास. साडेसदतीसच्या चोवीसपट नऊशे, म्हणून ते तंतोतंत जुळतं.

कोणी विचारेल, विमान अकरा किलोमीटर उंचावरून उडतं, मग त्याचा घेर कितीतरी मोठा होत असेल? होतो, पण किती? अकराच्या दुपटीला 3.14 ने गुणा: 69 किलोमीटर. विमानाला पाच मिनिटंही नाहीत. वाऱ्याचा फरक त्याहून कितीतरी मोठा. पूर्वेकडे जाताना जेट प्रवाह पाठीशी घेतला आणि सरासरी शंभरची भर पडली, तर साडेचव्वेचाळीसचे चाळीस तास होतात.

हा हिशेब कागदावरचाच नाही. जानेवारी 1957 मध्ये अमेरिकी हवाई दलाची तीन बी-52 विमानं हवेतच इंधन घेत, कुठेही न उतरता पृथ्वीभोवती गेली. 45 तास 19 मिनिटं. आपल्या भागाकाराच्या इतकं जवळ जाणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही, कारण त्यात थांबणंच नव्हतं. आता याच्यासमोर काँकॉर्ड ठेवा. ताशी एकवीसशेच्या वर वेग. नुसता भागाकार केला तर एकोणीस तास. ऑगस्ट 1995 मध्ये ते न्यूयॉर्कहून पूर्वेला निघून परत आलं, तेव्हा लागले 31 तास 27 मिनिटं. तुलूज, दुबई, बँकॉक, ग्वाम, होनोलुलू, अकापुल्को, अशा सहा ठिकाणी इंधनासाठी उतरावं लागलं. शिवाय जमिनीवरून उडताना आवाजाच्या वेगाखाली राहावं लागायचं. अडीचपट वेगवान विमान, पण वेळ वाचला जेमतेम एक तृतीयांश. फूड मॉल इथेही आहेच.

शेवटचा प्रश्न मघाशी चिठ्ठीवर आला आहे: "पुण्यातूनच सरळ पश्चिमेला निघालो तर?" पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. तिथे फेरी छोटी होते, 38,000 किलोमीटरची. अरबी समुद्र, सहारा, अटलांटिक, मग जवळजवळ आपल्याच रेषेवर बसलेलं हैतीचं पोर्ट-ओ-प्रिन्स, मेक्सिको, आख्खा पॅसिफिक, फिलिपिन्स, तेलंगण आणि घर. नऊशेच्या वेगाने न थांबता 42 तास 14 मिनिटं. सोमवारी दुपारी बारा वाजता लोहगावहून उडालात, तर बुधवारी सकाळी सव्वासहाला उतराल.

आता खिडकीतून बघा. पुणे पृथ्वीबरोबर पूर्वेकडे ताशी 1,584 किलोमीटरने फिरतंय आणि तुम्ही नऊशेने उलटे चाललात. त्यामुळे सूर्य तुमच्यासाठी मंद झाला. एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत चोवीस नाही, साडेपंचावन्न तास लागतात. एवढ्या प्रवासात तुम्ही एकच सूर्यास्त बघाल, एकच लांबलचक रात्र काढाल आणि उतरताना पहिली पहाट होत असेल. एक रात्र गेली, म्हणजे तुमच्या लेखी मंगळवार. 1522 मध्ये पश्चिमेकडे जात फेरी पूर्ण करत आलेल्या 'व्हिक्टोरिया' जहाजावरच्या खलाशांचं हेच झालं. केप व्हर्देला पोचले तेव्हा त्यांच्या रोजनिशीत बुधवार होता आणि बेटावरच्या लोकांचा गुरुवार. तीन वर्षं त्यांच्यातल्या रोजनिशी लिहिणाऱ्या पिगाफेत्ताने एकही दिवस न चुकता लिहिलं होतं, तरी वार चुकला. त्यांचा दिवस हरवला तीन वर्षांत कणाकणाने, तुमचा बेचाळीस तासांत. तुम्ही घरी याल, दाराशी पेपर पडलेला असेल आणि त्यावर बुधवार छापलेला असेल.