टाकीचा पाईप आणि रात्रीचा डास

(दृश्य : संध्याकाळ. सेप्टिक टँकच्या पाईपच्या तोंडावर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी.)

दिवस मावळायच्या आधी ही पिशवी पाईपला बांधली. मच्छरदाणीचाच तुकडा, तोंडाशी रबर. सकाळी काढताना आधी पिशवीचं तोंड आवळायचं, मग ती पाईपवरून सोडवायची. नाहीतर आतले पाहुणे उडून जातात.

(दृश्य : पिशवी जवळून.)

हे क्यूलेक्स डास. रंग मातकट, आणि डेंग्यूच्या डासासारखे पायांवर पांढरे पट्टे नाहीत. काहींच्या मिशा पिसासारख्या झुबकेदार दिसतात. ते नर, आणि ते चावत नाहीत. पण नर आणि मादी दोघंही पिशवीत सापडले, म्हणजे टाकीत डासांची पैदास चालू आहे.

मैल्यानं गढूळ झालेलं, साचलेलं पाणी या डासाला मानवतं. मादी शंभर-दोनशे अंडी एकमेकांना चिकटवून पाण्यावर तराफ्यासारखी सोडते. अळी डोकं खाली करून लटकते आणि शेपटाकडची नळी पाण्याच्या वर काढून श्वास घेते. उष्ण हवेत साधारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो.

हत्तीरोग पसरवतो तो हाच डास. पण टाकीतून निघालेल्या डासात हत्तीरोगाचा जंतू नसतो. तो त्याला माणसाकडून मिळतो. बहुतेक वेळा त्या माणसाला काहीच त्रास होत नसतो. जंतूची सूक्ष्म पिल्लं रात्री रक्तात जास्त फिरतात, आणि क्यूलेक्सही रात्रीच चावतो. मग डासाच्या शरीरात ती वाढायला दहा ते चौदा दिवस लागतात. डास पुन्हा चावतो तेव्हा अळ्या कातडीवर उतरतात आणि चाव्याच्या छिद्रातून आत शिरतात. मलेरियाचा जंतू डासात वाढून अनेक होतो, हा होत नाही. जितके शिरले, त्यापेक्षा जास्त बाहेर पडणं शक्यच नाही. त्यामुळे हा आजार जडायला पुष्कळ चावे लागतात. डास कमी केले की धोका खरोखर उतरतो, तो याचमुळे. मोठे जंतू मात्र लसिकावाहिन्यांत पाच-सात वर्षं जगतात, आणि पायाची सूज किंवा अंडवृद्धी बरीच उशिरा दिसते.

(दृश्य : पाईपचं तोंड, गंजून फाटलेली जाळी.)

आता जाळी. पाईप बुच मारून बंद करायचा नाही, टाकीतला वायू बाहेर पडला पाहिजे. साधी लोखंडी जाळी त्या वायूनं गंजते. स्टेनलेस स्टीलची घ्या, छिद्र दीड मिलिमीटरहून मोठं नको. पाईपवरून ती खाली दुमडून क्लॅम्पनं आवळा. कापड बांधणारे खूप दिसतात, पण ते चोंदतं, कुजतं आणि एका पावसाळ्यात फाटतं.

पण आमच्या मते लोक फसतात ते पाईपच्या बाबतीत नाही, झाकणाच्या बाबतीत. पाईपला जाळी लागली की डास उजेडाची दुसरी फट शोधतात. ही टाकी बघा. जाळी नवी, तरी झाकणाच्या कडेला बोटभर फट आहे, आणि चेंबरची कड तुटलेली. फटीवर जाळीचं कापड पसरून कडा मातीनं दाबा आणि पुन्हा एक रात्र थांबा. सकाळी कापडाखाली डास असले, तर वाट सापडली. मग ती फट सिमेंटनं बुजवायची.

वाट बुजली तरी पाण्यात अळ्या आणि कोष आहेतच. घाण पाण्यात टिकणारं औषध म्हणजे बॅसिलस स्फेरिकस हा जिवाणू. अळी तो खाते आणि मरते. कोष मात्र काहीच खात नाही, त्यामुळे औषध टाकल्यावरही दोन-तीन दिवस डास निघत राहतात. लोकांना वाटतं औषध बोगस आहे. चार दिवसांनी पुन्हा पिशवी बांधून बघा. रॉकेल ओतू नका, आत पेट घेणारा वायू असतो. फिनाईलनं मैला कुजवणारे जिवाणू मरतात.

दुसरा मार्ग पॉलिस्टायरीनच्या फुगवलेल्या मण्यांचा. पाण्यावर एक सेंटिमीटरचा थर दिला की अळीला श्वास घेता येत नाही आणि मादीला अंडी घालता येत नाहीत. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद टाकीला वीस लिटर मणी लागतात. टाकीत दोन कप्पे असले तर प्रत्येकाला वेगळे मोजा. झांझिबारमधल्या माकुंडुची इथे 1988 मध्ये संडासाच्या खड्ड्यांत असे मणी टाकले आणि लोकांना हत्तीरोगाचं औषधही दिलं. डासांचे चावे प्रचंड घटले आणि रक्तातले जंतूही.

(दृश्य : उघडं गटार, कचऱ्यानं तुंबलेलं.)

उघड्या गटारात हे मणी वाहून जातात. तिथं गाळ काढून पाणी वाहतं करणं हाच उपाय, आणि जिथं ते थांबतं तिथं दर आठवड्याला अळीनाशक. टाकी उपसली की मणीही जातात, तेव्हा उपशानंतर नवा थर द्यावा लागतो आणि झाकण परत बसवताना त्याच कडा पुन्हा तपासाव्या लागतात.