पहिल्या पल्सपासून सरासरीपर्यंत

(दृश्य: ब्रेडबोर्डवर एक रेझिस्टर व एक कपॅसिटर. एक हात तारेचा लहान तुकडा कपॅसिटरच्या दोन्ही पायांना टेकवून धरतो.)

निवेदन: तारेचा हा तुकडा क्षणभर टेकवला नसता, तर या चित्रफितीतील सर्वांत महत्त्वाचे दृश्य आपल्याला टिपताच आले नसते. कपॅसिटर पूर्ण रिकामा करून, म्हणजे शून्य व्होल्टपासून, प्रयोग सुरू व्हावा, यासाठी कोल्हापुरातील एका तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेतील हे शिक्षक प्रत्येक वेळी ही तार टेकवतात. जोडणी अगदी साधी आहे. फंक्शन जनरेटरकडून येणारी तार दहा किलो-ओहमच्या रेझिस्टरला, रेझिस्टरचे दुसरे टोक ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला आणि कपॅसिटरचा दुसरा पाय ग्राउंडला जोडलेला आहे. आउटपुट कपॅसिटरवर घेतले, की या जोडणीला आरसी इंटिग्रेटर म्हणतात. दोन्ही मूल्यांचा गुणाकार एक मिलिसेकंद येतो आणि हाच या सर्किटचा टाइम कॉन्स्टंट होय.

(दृश्य: जनरेटरचा पडदा. त्यानंतर ऑसिलोस्कोपवरील ‘सिंगल’ बटण दाबणारे बोट.)

निवेदन: जनरेटरमधून शून्य ते पाच व्होल्ट उंचीचे पल्स सुटतात. एका आवर्तनाला एक मिलिसेकंद लागतो आणि त्यातील पाव भाग पल्स वर असतो, म्हणजे ड्युटी सायकल २५ टक्के आहे. जनरेटरवर नुसता स्क्वेअर वेव्ह निवडला, तर तो शून्याच्या वर-खाली सारखाच जातो. म्हणून ऑफसेट देऊन त्याचा तळ शून्यावर आणावा लागतो. पल्स सतत चालू न ठेवता ते बर्स्टमध्ये, म्हणजे एका इशाऱ्यावर सुरू होतील असे लावले आहेत. ऑसिलोस्कोप ‘सिंगल’वर ठेवला आहे, त्यामुळे पहिल्या पल्सची कडा येताच पडदा एकदाच भरतो आणि चित्र गोठते.

बहुतेक जर्नलांमध्ये या प्रयोगाची जी आकृती असते, ती स्थिरावस्थेतील असते: एकाच उंचीवर वर-खाली होणारी लाट. विद्यार्थी ती वर्षानुवर्षे उतरवून घेतात. पण ती लाट त्या उंचीवर पोहोचली कशी, हे त्या आकृतीत कोठेच दिसत नाही.

(दृश्य: पडद्यावर पायरीपायरीने चढत जाणारी करवतीसारखी लाट. मागून एका विद्यार्थ्याचा आवाज: “सर, हे दर पल्सला वर वर का जायलंय?”)

निवेदन: पहिल्या पल्समध्ये कपॅसिटर १.११ व्होल्टपर्यंत भरतो. पल्स खाली येताच तो त्याच रेझिस्टरमधून रिकामा होऊ लागतो. परंतु पाऊण मिलिसेकंदात तो पूर्ण रिकामा होऊ शकत नाही आणि ०.५२ व्होल्ट शिल्लक राहतात. दुसरा पल्स या शिलकीवर चढतो, म्हणून त्याचे शिखर १.५१ व्होल्टवर जाते. तिसरे शिखर १.६६, चौथे १.७२ आणि पाचवे १.७४ व्होल्टवर येते.

चढ दर वेळी कमी का होत जातो, याचे उत्तर रेझिस्टरमध्ये आहे. कपॅसिटरवरील पातळी जसजशी वाढते, तसतसा पल्सच्या वेळी रेझिस्टरच्या दोन टोकांमधील फरक कमी होतो आणि आत येणारा विद्युतभार घटतो. उलट पल्स नसताना तोच फरक वाढतो आणि बाहेर जाणारा भार वाढतो. पहिल्या आवर्तनात लाट १.११ व्होल्ट चढली आणि ०.५८ व्होल्ट उतरली, म्हणजे आवक जावकीच्या जवळजवळ दुप्पट होती. ज्या आवर्तनात आवक आणि जावक सारखी होते, तेथे चढणे थांबते. या सर्किटमध्ये ती स्थिती १.७५ आणि ०.८३ व्होल्ट यांच्या दरम्यान येते. पाच आवर्तने म्हणजे पाच टाइम कॉन्स्टंट, आणि तोवर लाट या पातळीच्या एका टक्क्याच्या आत पोहोचलेली असते.

(दृश्य: मल्टिमीटरच्या टोकण्या कपॅसिटरवर. पडद्यावर १.२५.)

निवेदन: आता जनरेटर सतत चालू आहे आणि मीटर डीसी व्होल्टवर आहे. मीटर १.२५ व्होल्ट दाखवतो, म्हणजे पाच व्होल्टचा पाव भाग. स्थिरावस्थेत एका आवर्तनात आत आलेला आणि बाहेर गेलेला भार सारखाच असतो, म्हणून रेझिस्टरमधील सरासरी प्रवाह शून्य असतो. ज्या रेझिस्टरमधील सरासरी प्रवाह शून्य, त्याच्या दोन टोकांमधील सरासरी व्होल्टेजही शून्यच. त्यामुळे कपॅसिटरवरील सरासरी ही इनपुटच्या सरासरीइतकीच असली पाहिजे, आणि इनपुटची सरासरी म्हणजे ड्युटी सायकल गुणिले पल्सची उंची. या संपूर्ण युक्तिवादात रेझिस्टरचे किंवा कपॅसिटरचे मूल्य एकदाही वापरावे लागत नाही.

येथे अनेकांकडून एक चूक होते. शिखर आणि तळ यांची बेरीज करून निम्मे केले, तर १.२९ व्होल्ट येतात, १.२५ नाही. उतरण वक्र असते आणि ती पल्सच्या तिप्पट वेळ चालते; त्यामुळे लाट मध्याच्या वरच्या बाजूपेक्षा खालच्या बाजूला अधिक काळ असते. सरासरी ही क्षेत्रफळाची असते, दोन टोकांची नव्हे.

(दृश्य: ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून त्या जागी १ मायक्रोफॅरडचा बसवला जातो. पडद्यावरील लाट जवळजवळ सपाट होते.)

निवेदन: कपॅसिटर दहापट केला. लाटेची उंची ०.९२ व्होल्टवरून सुमारे ०.०९ व्होल्टवर आली, म्हणजे जवळजवळ दहाव्या भागावर. परंतु मीटरवर १.२५ तसेच राहिले. बदलला तो तेथे पोहोचण्याचा वेळ: पाच मिलिसेकंदांऐवजी आता पन्नास लागतात. लाट किती हलेल आणि किती वेळात स्थिरावेल, एवढेच रेझिस्टर व कपॅसिटर ठरवतात; ती कोणत्या पातळीभोवती हलेल, हे ड्युटी सायकल ठरवते.

(दृश्य: रेझिस्टर व ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांची अदलाबदल. पडद्यावर वर आणि खाली दोन्हीकडे जाणारी लाट.)

निवेदन: तेच दोन घटक, फक्त जागा बदललेली. आता आउटपुट रेझिस्टरवर आहे आणि या जोडणीला डिफरन्शिएटर म्हणतात. कपॅसिटर आत जे करत होता, तेच आताही करत आहे. आपण पाहतो आहोत ती इनपुटमधून त्याला वजा केल्यावर उरलेली बाजू. स्थिरावस्थेत पल्स येताच आउटपुट ४.१७ व्होल्टवर उडी घेते आणि पल्स संपेपर्यंत ३.२५ वर उतरते. नंतर एकदम पाच व्होल्ट खाली, म्हणजे उणे १.७५ वर जाते आणि तेथून हळूहळू उणे ०.८३ पर्यंत वर येते. शून्याच्या वरचे आणि खालचे क्षेत्रफळ सारखे असते. वरचा भाग उंच आणि अरुंद, खालचा बुटका आणि रुंद. ड्युटी सायकल कितीही ठेवा, येथील सरासरी शून्यच राहते.

ऑसिलोस्कोपचे एसी कपलिंग म्हणजे नेमकी हीच जोडणी होय, फक्त तिचा टाइम कॉन्स्टंट बराच मोठा असतो. त्यामुळे इंटिग्रेटरचे आउटपुट एसी कपलिंगवर पाहिले, तर लाट शून्याभोवती दिसते आणि सरासरी पातळी हरवल्याचा भास होतो. या प्रयोगात स्कोप डीसी कपलिंगवर आहे ना, हे आधी पाहावे.

(दृश्य: शिवाजी उद्यमनगरातील एक कारखाना. भिंतीवर मोटरचा ड्राइव्ह. नियंत्रण-पेटी उघडली जाते.)

निवेदन: येथील पंख्याच्या मोटरला गतीचा आदेश ० ते ५ व्होल्टच्या रूपात द्यावा लागतो. आदेश तयार करणारे कार्ड पल्स देते, आणि १० किलो-ओहम व १ मायक्रोफॅरड यांचा इंटिग्रेटर त्यांचे सपाट व्होल्टेज करतो. २५ टक्क्यांवर १.२५ व्होल्ट मिळायला हवे होते. मिळत होते ०.७१. “सर, कपॅसिटर दोनदा बदलला, तरी तेच येतंय,” असे कारखानदारांनी शिक्षकांना सांगितले.

(दृश्य: ड्राइव्हकडे जाणारी तार सुटी केली जाते. मीटरवर ०.७१ तसेच. त्यानंतर स्कोपची टोकणी रेझिस्टरच्या इनपुट बाजूला.)

निवेदन: तार काढूनही आकडा बदलला नाही, म्हणजे ड्राइव्ह प्रवाह ओढून पातळी खाली आणत आहे, ही शंका मिटली. कपॅसिटर सरासरी बदलू शकत नाही, हे आपण पाहिलेच आहे. मग टोकणी मागे नेली, आणि तेथे दिसलेले पल्स पाच व्होल्टचे नव्हतेच. ते २.८६ व्होल्टपर्यंतच चढत होते.

कार्डचे आउटपुट ओपन कलेक्टर प्रकारचे होते. आतील ट्रान्झिस्टर पातळी खाली ओढतो, पण वर ढकलत नाही. वर नेण्याचे काम पाच व्होल्टला जोडलेल्या आणखी एका दहा किलो-ओहमच्या पुल-अप रेझिस्टरचे असते. त्यामुळे कपॅसिटर वीस किलो-ओहममधून भरत होता आणि दहा किलो-ओहममधून रिकामा होत होता. आवक-जावकीचा हिशेब अशा स्थितीत ०.७१ व्होल्टवरच जुळतो. पल्सच्या वेळी दोन सारख्या रेझिस्टरांच्या मधला बिंदू, पाच आणि ०.७१ यांच्या बरोबर मध्यावर, २.८६ व्होल्टवर राहतो. त्याचा पाव भाग काढला, तर पुन्हा ०.७१ च येतात. नियम अचूक होता. पल्सची उंची आपण न मोजता पाच धरली होती.

(दृश्य: सोल्डरिंग. जुना पुल-अप काढून त्या जागी ४७० ओहमचा रेझिस्टर लावला जातो. स्कोपवर पल्स उंच होतात.)

निवेदन: पुल-अप ४७० ओहमचा केल्यावर पल्सचे डोके ४.८३ व्होल्टवर गेले आणि मीटरवर १.२१ आले. उरलेली चार शतांशाची तूट या ४७० ओहमचीच आहे. तीही घालवायची असल्यास पल्स वरही ढकलू शकणारा बफर मध्ये बसवावा लागेल. येथे तेवढ्याची गरज नव्हती. तार पुन्हा ड्राइव्हला जोडली आणि पंख्याने गती घेतली.

(दृश्य: पंखा. मीटरवर १.२१.)